दोन गुंतवणुकी आणि तिसरं पद

दोन गुंतवणुकींच्या पोर्टफोलिओचं गणित आज वाणिज्य शाखेच्या पेपरात पाच-सहा मार्कांना येतं. भारांक म्हणजे प्रत्येक गुंतवणुकीतला पैशांचा हिस्सा, प्रमाण विचलन म्हणजे परतावा सरासरीभोवती किती हलतो ते, आणि सहसंबंध म्हणजे दोन परतावे −1 ते +1 या मापावर किती एकत्र हलतात ते. हे सगळे दिलेले असतात, सूत्रात आकडे घातले की उत्तर येतं. हे सूत्र गुंतवणुकीच्या जगात आलं ते 1950 च्या सुमारास, शिकागो विद्यापीठाच्या ग्रंथालयात.

हॅरी मार्कोविट्झ तेव्हा पीएचडीचा विषय शोधत होता. जॉन बर विल्यम्स यांचं 1938 चं पुस्तक तो वाचत होता. त्यात म्हटलं होतं की शेअरची किंमत म्हणजे त्याच्या भावी लाभांशांचं आजचं मूल्य. लाभांश अनिश्चित असतात, म्हणून मार्कोविट्झने त्याचा अर्थ 'अपेक्षित' मूल्य असा घेतला, आणि तिथेच तो अडला. गुंतवणूकदाराला फक्त अपेक्षित परतावाच हवा असेल, तर त्याने सगळे पैसे एकाच, सर्वाधिक परताव्याच्या शेअरमध्ये टाकायला हवेत. प्रत्यक्षात तसं कुणी शहाणा माणूस करत नाही. लोक पैसे विभागतात, कारण त्यांना जोखीमही दिसते.

मग विभागलेल्या पैशांची जोखीम मोजायची कशी? मार्कोविट्झने शेल्फवरून उस्पेन्स्की यांचं संभाव्यतेच्या गणिताचं पुस्तक काढलं आणि भारित बेरजेच्या प्रचरणाचं सूत्र पाहिलं. प्रचरण म्हणजे प्रमाण विचलनाचा वर्ग. सूत्र गणितज्ञांना जुनंच होतं, पण शेअरबाजाराकडे कुणी ते आणलं नव्हतं. त्यातलं सहसंबंधाचं तिसरं पद त्याच्या नजरेत भरलं. खाली E हा पोर्टफोलिओचा अपेक्षित परतावा, w भारांक, r प्रत्येकाचा परतावा, σ प्रमाण विचलन आणि ρ सहसंबंध:

```
E  = w1·r1 + w2·r2
σ² = (w1σ1)² + (w2σ2)² + 2·ρ·(w1σ1)(w2σ2)
```

समजा, शेअरमध्ये 60% रक्कम आहे: अपेक्षित परतावा 12%, प्रमाण विचलन 20%. उरलेले 40% रोख्यांत: परतावा 7%, विचलन 10%. सहसंबंध 0.25. परतावा सरळ भारित सरासरी आहे, 7.2 + 2.8 = 10%. त्यात सहसंबंधाचा काही संबंध नाही.

जोखमीसाठी आधी भारांक आणि विचलनाचे गुणाकार करून ठेवावेत: शेअरचे 12, रोख्यांचे 4. वर्ग 144 आणि 16, तिसरं पद 2 × 0.25 × 12 × 4 = 24. बेरीज 184, वर्गमूळ सुमारे 13.6%.

हे 12 आणि 4 हाताशी असले की उत्तर तपासायला सोपं जातं. सहसंबंध +1 असता तर विचलन 12 + 4 = 16 झालं असतं, −1 असता तर 12 − 4 = 8. उत्तर या दोहोंच्या मधेच असायला हवं. 184 हाती लागलं तर वर्गमूळ राहिलं. 13.6 ऐवजी 13.1 आलं तर बहुधा तिसऱ्या पदातला 2 सुटला. ही दुसरी चूक जास्त वाईट, कारण ती मर्यादेच्या आतच लपते. आणि नेमकं 16 आलं, तर प्रमाण विचलनांचीच भारित सरासरी काढली गेली, म्हणजे मार्कोविट्झच्या आधी जिथे होतो तिथेच आपण परतलो.

या सूत्राचा सगळ्यात अनपेक्षित निकाल याच आकड्यांत आहे. सगळे पैसे रोख्यांत ठेवले तर विचलन 10%. त्यातले 12.5% काढून दुप्पट विचलनाच्या शेअरमध्ये घातले, तर गुणाकार 2.5 आणि 8.75 होतात, प्रचरण 93.75 आणि विचलन 9.7%. जोखीम उतरली आणि परतावा 7 वरून 7.6% वर गेला! असं घडायला सहसंबंध लहान आणि मोठ्या विचलनाच्या गुणोत्तरापेक्षा कमी हवा. इथे ते 10/20, म्हणजे 0.5 आहे.

मार्कोविट्झचा लेख मार्च 1952 मध्ये 'जर्नल ऑफ फायनान्स'मध्ये आला, आणि त्याच वर्षी इंग्लंडच्या ए. डी. रॉय यांनी जवळपास हेच गणित स्वतंत्रपणे मांडलं. त्याहून आधी, 1940 मध्ये, इटलीच्या ब्रुनो द फिनेत्ती यांनी विम्यातल्या परस्परसंबंधित जोखमींसाठी याच वाटेने विचार केला होता. तो लेख इटालियनमध्ये असल्याने अर्थशास्त्रज्ञांच्या नजरेतून सुटला. पुढे खुद्द मार्कोविट्झनेच द फिनेत्तींना त्याचं श्रेय दिलं. नोबेल मात्र 1990 मध्ये मार्कोविट्झला मिळालं, मिलर आणि शार्प यांच्यासोबत.

विल्यम शार्पचं नाव इथे येणं साहजिक आहे. दोन गुंतवणुकींना एकच सहसंबंध लागतो, शंभरांना 4,950. हे ओझं टाळण्यासाठी त्याने 1963 मध्ये प्रत्येक शेअरचा संबंध एकमेकांशी न जोडता एका सामाईक निर्देशांकाशी जोडला.

पेपरात सहसंबंध 'दिलेला' असतो, बाजारात तो मागच्या परताव्यांवरून काढावा लागतो आणि तो स्थिर राहत नाही. मोठ्या पडझडीत एरवी वेगवेगळे चालणारे शेअर एकत्र घसरतात. दोन्ही गुंतवणुकी शेअरच्या असतील आणि आपल्या उदाहरणातला 0.25 चा आकडा 0.8 झाला, तर तेच भारांक ठेवूनही विचलन 13.6 वरून 15.4% होतं. म्हणून गणित एकाच ρ वर न थांबवता दोन-तीन आकडे घालून पाहावं.