दुहेरी भाषांतर (भाषाशिक्षण)

परकीय भाषेतील एखादा परिच्छेद स्वभाषेत उतरवायचा, मूळ बाजूला ठेवायचे, काही वेळाने केवळ आपल्या भाषांतरावरून तो पुन्हा परकीय भाषेत लिहायचा आणि मुळाशी ताडून पाहायचा, या अभ्यासपद्धतीस दुहेरी भाषांतर म्हणतात. उलट भाषांतर किंवा प्रतिभाषांतर अशीही नावे आढळतात. मात्र प्रश्नावल्या व औषधांची माहितीपत्रके तपासण्यासाठी वापरले जाणारे प्रतिभाषांतर वेगळे. तेथे परतीचे भाषांतर दुसरीच व्यक्ती करते आणि परीक्षा पहिल्या भाषांतराची असते. येथे दोन्ही फेऱ्या एकाच विद्यार्थ्याच्या असतात व परीक्षाही त्याचीच असते.

उगम. पद्धतीचे जनकत्व सामान्यतः रॉजर अ‍ॅस्कम या इंग्रज शिक्षकाकडे दिले जाते. त्याचा ‘द स्कूलमास्टर’ हा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १५७० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कृती तपशिलाने येते : मुलाने सिसरो या रोमन लेखकाचे पत्र एका वहीत इंग्रजीत उतरवावे, मग मूळ पुस्तक काढून घेऊन निदान तासभर जाऊ द्यावा, त्यानंतर त्याच्याच इंग्रजीवरून दुसऱ्या वहीत लॅटिन लिहवून घ्यावे, शेवटी गुरूने सिसरोचा मजकूर शेजारी ठेवून, सिसरोने येथे कोणता शब्द योजला असता हे न रागावता दाखवावे. वह्या दोन असाव्यात हा आग्रह क्षुल्लक वाटतो, पण पहिल्या वहीतील दोष व दुसऱ्या वहीतील दोष निराळे राहतात ते त्यामुळेच.

अ‍ॅस्कम स्वतः मात्र हे श्रेय धाकटा प्लिनी या रोमन लेखकाकडे नेतो. प्लिनीने फुस्कस या तरुण मित्राला लिहिलेले पत्र इ. स. १०० च्या आगेमागे पडते. त्यात ग्रीकमधून लॅटिनमध्ये किंवा लॅटिनमधून ग्रीकमध्ये भाषांतर करण्याचा सल्ला आहे, आणि असे बरेच जण सांगतात असेही प्लिनी म्हणतो. म्हणजे कल्पना त्याच्याही आधीची असावी. तथापि तोच मजकूर परत मूळ भाषेत न्यावा असे त्या पत्रात स्पष्टपणे कोठेही नाही. ताडून पाहण्याचा सल्ला आहे, पण तो वेगळ्या संदर्भात : वाचलेल्या मजकुराचा आशय लक्षात ठेवून तो स्पर्धेच्या वृत्तीने आपण लिहावा व मुळाशी जुळवावा. दोन्ही अंगे प्लिनीत सुटी आढळतात आणि त्यांचा सांधा प्रथम अ‍ॅस्कमच्या ग्रंथात स्पष्ट दिसतो, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

राणी एलिझाबेथ (पहिली) हिने केवळ या पद्धतीने, व्याकरणाचे पुस्तक हाती न घेता, ग्रीक व लॅटिन आत्मसात केले, हे विधान जपून घ्यावे लागते. ते तिचा शिक्षक असलेल्या अ‍ॅस्कमचेच आहे. शिवाय १५४८ मध्ये तो तिचा शिक्षक झाला त्याआधी विल्यम ग्रिंडलने तिचा पाया घालून दिला होता. बेंजामिन फ्रँकलिनने तरुणपणी केलेला अभ्यास याच कुळातला असला, तरी तो एकाच भाषेतला होता : इंग्रजी निबंधांची टिपणे काढून काही दिवसांनी त्यांवरून निबंध पुन्हा लिहायचे व मुळाशी ताडायचे.

महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या वापरलेल्या तर्खडकर भाषांतर पाठमालेत दोन्ही दिशांची भाषांतरे आहेत, परंतु वाक्ये सुटी असल्याने तिला या पद्धतीत धरता येत नाही.

एक उदाहरण. रावेर तालुक्यातील केळीविषयीची तीन इंग्रजी वाक्ये घेऊ : ‘द फार्मर्स ऑफ रावेर हॅड कट देअर बनानाज बिफोर द स्टॉर्म केम. दे कुड नॉट फाइंड अ ट्रक अन्टिल ईव्हनिंग. बाय द टाइम द फ्रूट रीच्ड देल्ही, हाफ ऑफ इट हॅड टर्न्ड यलो.’

पहिली वही : ‘वादळ येण्याआधीच रावेरच्या शेतकऱ्यांनी केळीचे घड कापले होते. संध्याकाळपर्यंत त्यांना ट्रक मिळाला नाही. माल दिल्लीला पोचेपर्यंत निम्मी केळी पिवळी पडली होती.’

दुसऱ्या दिवशी, दुसरी वही : ‘द फार्मर्स ऑफ रावेर हॅड कट द बंचेस ऑफ बनानाज बिफोर कमिंग ऑफ द स्टॉर्म. दे डिड नॉट गेट ट्रक टिल ईव्हनिंग. टिल द गुड्स रीच्ड देल्ही, हाफ बनानाज बिकेम यलो.’

ताडताना प्रत्येक फरक चूक मानू नये. ‘अन्टिल’ऐवजी ‘टिल’ चालते. ‘गेट’ही चालते, फक्त शोधाशोधीची छटा जाते. ‘बंचेस’ हा दोष इंग्रजीचा नव्हे. ‘घड’ पहिल्या वहीतच शिरले, तेव्हा खूण तेथे करावी. ‘ट्रक’आधीचे ‘अ’ गळले आणि ‘हाफ’नंतर ‘द’ किंवा ‘ऑफ द’ घालायचे राहून गेले, याचे कारण उघड आहे. मराठीत उपपदे नसल्याने ती पहिल्या फेरीतच नाहीशी होतात व परतताना स्वतःच्या ज्ञानातून घालावी लागतात. ‘बिफोर कमिंग ऑफ द स्टॉर्म’ ही ‘येण्याआधी’ची छाया. ‘बिकेम’ मात्र निव्वळ अनवधान, कारण पहिल्या वहीत ‘पडली होती’ असा पूर्ण भूतकाळ शाबूत आहे.

सर्वांत मोलाची नोंद ‘पर्यंत’ची. दुसऱ्या मराठी वाक्यात ट्रक न मिळण्याची स्थिती संध्याकाळ होईतो चालू राहिली. तिसऱ्यात दिल्ली येण्याच्या आत क्रिया पुरी झाली. मराठी दोन्हींना एकच ‘पर्यंत’ लावते, इंग्रजी पहिल्यास ‘अन्टिल’ व दुसऱ्यास ‘बाय द टाइम’. निव्वळ वाचताना हा भेद नजरेतून निसटतो, कारण अर्थ समजलेला असतो. दुसऱ्या वहीतच तो उघडा पडतो.

मर्यादा. पहिली फेरी शब्दाला शब्द ठेवून केली, तर दुसरी जवळजवळ मुळाबरहुकूम उतरते आणि हाती काही लागत नाही. ओळखण्याची खूण अशी, की पहिली वही मोठ्याने वाचल्यास ती मराठी वाटत नाही. मध्यंतर अपुरे असल्यास भाषेऐवजी स्मरणशक्ती लिहिते. अ‍ॅस्कमचा तासभर हा लॅटिन नव्याने शिकणाऱ्या मुलासाठी होता. प्रौढाने इंग्रजी परिच्छेदासाठी एक रात्र तरी जाऊ द्यावी. परिच्छेद पाच-सहा वाक्यांहून लांब नसावा, नाहीतर ताडणी वरवरची होते. चूक आणि चालणारा पर्याय यांतील निवाडा मूळ परिच्छेद देऊ शकत नाही. गुरू नसल्यास उदाहरणवाक्ये देणारा कोश जवळ असावा लागतो.

खानदेशातील स्थिती. जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांत ‘स्वभाषा’ कोणती, हा प्रश्न आधी येतो. अनेक घरांत अहिराणी, काही भागांत लेवा बोली, तर नंदुरबारच्या सातपुड्यात भिल्ली बोली चालतात. शाळेची भाषा प्रमाण मराठी. ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणात (खंड ९, भाग ३; १९०७) खानदेशी म्हणजेच अहिराणी ही मराठीबरोबर न ठेवता भिल्ली बोलींच्या जोडीला ठेवलेली आहे. तिला मराठीची बोली मानणारा पक्षही प्रबळ आहे. वर्गीकरण कोणतेही मानले, तरी ‘जाई ऱ्हायना’ आणि ‘जात आहे’ यांतले अंतर विद्यार्थ्याला रोजच ओलांडावे लागते.

पहिली वही अहिराणीत लिहिल्यास शब्दशः पुस्तकी भाषांतराचा मोह कमी होतो, कारण ती मुख्यत्वे बोलून आलेली असते. अडचण लेखनाची : एकच रूप दोघे दोन प्रकारे लिहितात आणि दुसऱ्या दिवशी स्वतःचेच लिखाण अडखळत वाचावे लागते. हीच पद्धत इंग्रजी वगळून, प्रमाण मराठीचा उतारा अहिराणीत व परत मराठीत, अशीही चालवता येते. त्या वेळी उपपदांसारखे मोठे फरक पडत नाहीत. क्रियापदांची रूपे आणि विभक्तिप्रत्यय तेवढे पुन्हा पुन्हा वर येतात.