यूट्यूब चॅनेलचं हस्तांतर: कुठं अडलंय ते कसं पाहायचं आणि नव्या खात्याकडं काय येतं

आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

चॅनेल सुरू करताना मालकाकडं वेळ नसतो. म्हणून ते भाच्याच्या, जुन्या भागीदाराच्या किंवा आमच्यासारख्या व्हिडिओ करणाऱ्यांच्या खात्यावर उघडलं जातं. चार-पाच वर्षांनी चॅनेल चालू लागतं, पैसे येऊ लागतात आणि मग ते स्वतःच्या नावावर करून घ्यायची वेळ येते. त्या दिवसांत आम्हाला सर्वांत जास्त येणारा फोन असतो, "पेंडिंग दाखवतंय, कधी होणार?" त्याचं उत्तर इथं सविस्तर देत आहोत.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. सातबाऱ्यावरचा फेरफार तलाठ्याकडं जातो, 15 दिवस हरकतींची वाट पाहिली जाते आणि मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. यूट्यूबवर असं कुणी अर्ज घेऊन बसलेलं नाही. जुन्या मालकानं शेवटचं बटण दाबलं की मालकी त्याच क्षणी बदलते. त्यामुळं "पेंडिंग" म्हणजे गूगलकडं काहीतरी चालू आहे असं बहुतेक वेळा नसतं. दोघांपैकी कुणाचं तरी एखादं पाऊल राहिलेलं असतं किंवा सात दिवसांची मुदत पुरी व्हायची असते. कुणाचं पाऊल राहिलंय, एवढंच शोधायचं असतं.

कुठं पाहायचं

ही माहिती ब्रँड अकाउंटवर, म्हणजे एकाहून जास्त माणसांना मिळून सांभाळता येणाऱ्या गूगल खात्यावर असलेल्या चॅनेलसाठी आहे, कारण मालकी थेट दुसऱ्याला देता येते ती त्याच प्रकारात. सध्याच्या मुख्य मालकानं आपल्या खात्यातून संगणकावर हे पान उघडावं:

```
myaccount.google.com/brandaccounts
```

तिथं चॅनेलचं नाव निवडून `Manage permissions` वर गेलं की ज्यांना अधिकार आहेत त्या सगळ्यांची यादी येते. हस्तांतराची खरी स्थिती या यादीतच कळते. नवे मालक म्हणून आपलं नाव तिथं कसं दिसतं यावरून तीन शक्यता निघतात.

नावापुढं किंवा ईमेलपुढं आमंत्रण पाठवल्याचा उल्लेख दिसत असेल, तर आपण ते अजून स्वीकारलेलं नाही. ईमेल स्पॅममध्ये पडलेला असू शकतो. त्याहून नेहमी आढळणारं कारण वेगळं आहे. आमंत्रण एका जीमेलवर आलेलं असतं आणि फोनवर दुसरंच खातं उघडं असतं. दुवा दाबला तरी तो भलत्याच खात्यात उघडतो, आपल्याला वाटतं काम झालं, यादीत मात्र काहीच बदलत नाही. ज्या पत्त्यावर आमंत्रण आलं, त्याच खात्यात लॉगिन असताना ते स्वीकारायचं. घरात एका फोनवर तीन-चार जणांची खाती असतील तर हे काम संगणकावरच करा.

दुसरी शक्यता अशी की नाव नीट दिसतंय, त्यापुढं `Owner` लिहिलंय, पण जुन्या मालकाला `Primary owner` हा पर्याय निवडता येत नाही. इथं काहीही बिघडलेलं नाही. गूगलच्या नियमानुसार नवी व्यक्ती किमान सात दिवस `Owner` असल्याशिवाय तिला मुख्य मालक करता येत नाही. कुणी खातं फोडून चॅनेल पळवायचा प्रयत्न केलाच, तर खऱ्या मालकाच्या हाती तेवढे दिवस राहतात. ही मुदत आम्हालाही कमी करून घेता येत नाही. "पैसे द्या, लगेच करून देतो" असं कुणी म्हणालं तर त्याच्याकडं पासवर्ड अजिबात देऊ नका.

इथं एक चूक महागात पडते. आमंत्रण पाठवताना `Owner` ऐवजी `Manager` निवडलं जातं. मॅनेजर म्हणून महिना गेला तरी उपयोग नाही, कारण अट सात दिवस `Owner` असण्याची आहे. यादी उघडली की आपल्या नावापुढचा शब्द आधी वाचा.

तिसरी शक्यता: सात दिवस उलटले, नाव `Owner` आहे, पर्यायही खुला झाला आहे, तरी मालकी बदललेली नाही. मग चेंडू जुन्या मालकाकडं आहे. त्यानं नव्या मालकाच्या नावापुढं `Primary owner` निवडून `Transfer` दाबायचं. हे आपोआप कधीच होत नाही. कित्येक जण आठव्या दिवसापासून वाट पाहत बसतात आणि जुन्या मालकाला वाटत असतं की आपलं काम तर आमंत्रण पाठवलं तेव्हाच संपलं.

यूट्यूब स्टुडिओतल्या `Permissions` मध्येही माणसं जोडता येतात, पण तिथून दिलेल्या अधिकारानं मालकी बदलत नाही. तिथलं आमंत्रण 30 दिवसांत न स्वीकारल्यास रद्द होतं. चॅनेलचे अधिकार आधीच स्टुडिओकडं वळवलेले असतील, तर वरची पद्धत वापरण्याआधी तिथून बाहेर पडावं लागतं. तो पर्यायही त्याच `Permissions` पानावर आहे. एडिटर वगैरे कुणाकुणाला कोणते अधिकार दिलेत, ते बाहेर पडण्यापूर्वी कागदावर लिहून ठेवा, म्हणजे नंतर शोधाशोध होत नाही.

एक उदाहरण

समजा, सांगलीकडच्या एका ताईंची रोपवाटिका आहे. उसाची रोपं, ठिबक, खत व्यवस्थापन यांवरचे व्हिडिओ आहेत, चॅनेलवर जाहिराती चालू आहेत, पण मुख्य मालक म्हणून जुने भागीदार आहेत. त्यांनी 2 जूनला ताईंना `Owner` म्हणून आमंत्रण पाठवलं. ताईंनी ते 6 जूनला स्वीकारलं. 9 जूनला ताई विचारतात, "आठवडा झाला की, अजून का नाही?" हिशेब 2 तारखेपासून धरायचा नसतो. ताई `Owner` झाल्या 6 तारखेला, म्हणून सात दिवस 13 जूनला भरतात. 14 जूनला भागीदारांनी `Transfer` दाबलं. पान पुन्हा उघडल्यावर ताईंच्या नावापुढं `Primary owner` आणि भागीदारांच्या नावापुढं `Owner` दिसू लागलं. मालकी बदलल्याची खूण हीच. वेगळ्या प्रमाणपत्राची वाट पाहू नका.

चॅनेलसोबत काय येतं

इथं एखादी वस्तू एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेली जात नाही. चॅनेल जागेवरच राहतं, त्यावर हुकूम चालवणारा माणूस बदलतो. त्यामुळं सबस्क्रायबर, व्हिडिओ, पाहिल्याचे आकडे, प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया, प्लेलिस्ट, चॅनेलचा पत्ता आणि हँडल हे सगळं जसंच्या तसं राहतं. खाजगी ठेवलेले आणि पुढच्या तारखेला लावलेले व्हिडिओही राहतात. चॅनेल कमाईच्या कार्यक्रमात असेल तर तेही तसंच चालू राहतं, पुन्हा 1,000 सबस्क्रायबरपासून सुरुवात करावी लागत नाही.

याच कारणानं नको ते सामानही सोबत येतं. कॉपीराइटचे दावे आणि नियमभंगाचे स्ट्राइक चॅनेलला चिकटलेले असतात, माणसाला नाही. नियमभंगाचा एक स्ट्राइक 90 दिवस राहतो आणि 90 दिवसांत तीन झाले तर चॅनेल बंद होऊ शकतं. चॅनेल विकत घेत असाल किंवा भागीदारीतून वेगळे होत असाल, तर पैसे ठरवण्याआधी स्टुडिओतली ही पानं समोर बसून उघडून पाहा. जुन्या व्हिडिओंत कुणाची गाणी बिनपरवानगी वापरली असतील, तर त्याचं उत्तर पुढं आपल्याला द्यावं लागणार आहे.

काय येत नाही: पैशांचं खातं

सगळ्यात जास्त गैरसमज इथं होतात. जाहिरातींचे पैसे ज्यात जमा होतात ते गूगलचं ॲडसेन्स खातं ब्रँड अकाउंटचा भाग नाही. ते एखाद्या व्यक्तीच्या किंवा संस्थेच्या नावावर असतं आणि चॅनेलला फक्त जोडलेलं असतं. मालकी बदलली तरी ही जोडणी तशीच राहते आणि कमाई जुन्या माणसाच्या बँकेत जात राहते. कुणी फसवणूक करत असतंच असं नाही, जोडणी बदलायची राहिलेली असते.

ताईंचंच उदाहरण पुढं नेऊ. त्यांनी 15 जूनला स्टुडिओतल्या `Earn` विभागातून स्वतःचं ॲडसेन्स जोडलं. त्या बदलापर्यंतची जूनची कमाई भागीदारांच्या खात्यात धरली जाते, त्यानंतरची ताईंच्या. महिन्याचा अंतिम आकडा पुढच्या महिन्याच्या 7 ते 12 तारखेच्या दरम्यान ॲडसेन्समध्ये दिसतो आणि पैसे 21 ते 26 तारखेच्या दरम्यान निघतात, तेही शिल्लक 100 डॉलर झाली असेल तरच. म्हणून जुलैत ताईंना हाती येणारी रक्कम अर्ध्या महिन्याची असेल आणि ती 100 डॉलरच्या खाली राहिली तर पुढं सरकेल. भागीदारांच्या खात्यातली शिल्लक इकडं वळवता येत नाही. तो हिशेब दोघांनी आपापसात लेखी ठरवायचा.

नवीन ॲडसेन्स असेल तर 10 डॉलर जमल्यावर पत्ता तपासण्यासाठी पोस्टानं पिन येतो. गावचा पत्ता पोस्टमनला सापडेल असाच लिहा, वाडी आणि पिनकोडसह. कराची माहितीही नव्यानं भरावी लागते, जुन्या माणसानं भरलेली आपल्याला लागू होत नाही. आपल्या नावावर आधीचं एखादं ॲडसेन्स खातं असेल तर दुसरं उघडू नका, एका नावाला एकच खातं चालतं. जोडणी करताना घाई नको, कारण एकदा बदलल्यावर पुन्हा बदलायला 32 दिवस थांबावं लागतं.

मूळ चित्रीकरण, थंबनेलच्या फाइली आणि जुन्या माणसाच्या ड्राइव्हवरचं काहीही चॅनेलसोबत येत नाही. ते हार्डडिस्कवर वेगळं मागून घ्या.

चॅनेल साध्या वैयक्तिक खात्यावर असेल तर

वरच्या पानावर चॅनेलचं नावच दिसत नसेल तर ते बहुधा ब्रँड अकाउंटवर नाही. आधी ते यूट्यूबच्या `Advanced settings` मधून ब्रँड अकाउंटवर हलवावं लागतं. ज्या खात्यावर हलवता तिथं आधीच एखादं चॅनेल असेल, तर ते त्यातल्या व्हिडिओंसह पुसलं जातं. म्हणून हे पाऊल आमच्याशी बोलल्याशिवाय टाकू नका. यासाठी आम्ही वेगळं शुल्क घेत नाही.

मालकी मिळाल्यावर त्याच दिवशी

मुख्य मालक बदलला तरी जुने मालक `Owner` म्हणून यादीत राहतात आणि व्हिडिओ काढू-टाकू शकतात. यादीतली नावं एकेक करून पाहा आणि नको ती काढा. आमचं नाव असेल तर तेही काढा, पुढं काम द्यायचं झालं तर स्टुडिओतून मर्यादित अधिकार देता येतो. लाइव्ह करत असाल तर स्ट्रीम की बदला, नाहीतर जुन्या संगणकात साठवलेल्या कीवरून कुणीही आपल्या चॅनेलवर थेट प्रक्षेपण सुरू करू शकतो. शेवटी आपल्या गूगल खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावून घ्या आणि यादीत घरातलं दुसरं विश्वासाचं माणूस `Owner` म्हणून जोडून ठेवा.