पेढीचं नाव एक, डब्यावरचं नाव दुसरं

कोकणात मसाल्याचं युनिट सुरू करताना घरात नावावरून जो वाद होतो, तो बहुतेक ठिकाणी एकच असतो. वडिलांना ग्रामदेवतेचं नाव हवं असतं, मुलाला दुबईच्या दुकानात सहज वाचता येईल असं काहीतरी. मग दोघांच्या मनासारखं एक नाव जुळवायला बसतात आणि जे तयार होतं ते ना धड इकडचं ना तिकडचं. खरं तर दोघंही बरोबर असतात. ते दोन वेगळ्या गोष्टींना नाव देत असतात, एवढंच.

एक असतं पेढीचं नाव आणि दुसरं ब्रँडचं, म्हणजे कायद्याच्या भाषेत ट्रेडमार्क. आपल्याकडे दोन्हींना 'कंपनीचं नाव' म्हणायची सवय आहे, त्यामुळे 'आयईसी निघालं, आता नाव आपलं झालं' असा समज पसरलेला आहे. तसं होत नाही. केंद्राचं परकीय व्यापार खातं, डीजीएफटी, आयईसी हा कोड देताना आयात-निर्यातदार म्हणून तुमची नोंद करतं. हेच नाव दुसऱ्याने पाकिटावर छापलं तर ते थांबवायचा हक्क त्यातून मिळत नाही. उद्यम नोंदणीतून नाही, जीएसटीतून नाही, एफएसएसएआयच्या परवान्यातूनही नाही. तो हक्क येतो १९९९च्या ट्रेडमार्क कायद्यातून, आणि त्यात मालाचे क्रमांकाने वर्ग पाडलेले असतात, मसाल्यांसाठी अर्ज करावा लागतो वर्ग ३० मध्ये.

एक उदाहरण घेऊ. समजा वेंगुर्ल्याजवळ एका कुटुंबाची नारळाची बाग आहे. माडांमध्ये जायफळ, काळी मिरी आणि दालचिनी, बांधाला तिरफळाची झाडं. माल सुकवून, निवडून आखातात आणि जर्मनीत पाठवायचा आहे. वडिलांच्या मनात नाव आहे 'श्री रवळनाथ मसाले उद्योग'.

पेढीसाठी हे नाव उत्तम आहे. आयईसी, बँकेचं खातं, इन्व्हॉइस, शिपिंग बिल, स्पायसेस बोर्डाचं निर्यातदार प्रमाणपत्र अशा कागदांवरच ते दिसणार. परदेशातला खरेदीदार ते तोंडाने फारसं उच्चारणार नाही, कागदावर ताडून पाहील. म्हणून इथे उच्चारापेक्षा स्पेलिंगची काळजी जास्त. Ravalnath की Rawalnath, 'श्री' Shri की Shree, शेवटी Udyog की Udhyog. पूर्णविरामासकट, हे पहिल्याच दिवशी ठरवावं आणि सगळीकडे तेच लिहावं. लेटर ऑफ क्रेडिटवर, म्हणजे बँकेने दिलेल्या पैशांच्या हमीवर, व्यवहार असेल तर बँक कागदपत्रं एकमेकांशी ताडते. एकीकडे v आणि दुसरीकडे w निघाला तर फरक दाखवून पैसे अडू शकतात. हे नाव पुढे बदलायचं म्हटलं तर आयईसी, जीएसटी, बँक, बोर्ड, परवाना सगळीकडे दुरुस्ती करावी लागते. त्यामुळे पेढीला असं नाव द्यावं जे तीस वर्षांनीही बदलावंसं वाटणार नाही. ग्रामदेवतेइतकं टिकाऊ दुसरं काय सापडणार?

डब्यावर मात्र तेच नाव अडचणीचं. रवळनाथाचं नाव लावलेले व्यवसाय सिंधुदुर्गात आणि गोव्यात जागोजागी आहेत, म्हणजे त्या शब्दावर एकट्याचा हक्क सांगणं अवघड. 'कोकण मसाले' किंवा 'मालवणी मसाला' घेतलं तर आणखी कठीण, कारण जे नाव फक्त मालाचा प्रकार किंवा त्याचं ठिकाण सांगतं, त्यावर ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ९ खाली हरकत येते. पेढीच्या नावात हेच शब्द खुशाल चालतात.

मुलाने सुचवलेली नावं बघू. पहिलं Khadi, घरासमोरच्या खाडीवरून. मराठीत 'खाडी' आणि 'खादी' वेगळे, रोमन लिपीत एकच. आणि 'खादी' हा खादी ग्रामोद्योग आयोगाचा नोंदलेला ट्रेडमार्क आहे, आयोग त्यासाठी कोर्टातही जातो. हे नाव तिथेच सोडावं. दुसरं Tirphal. आपल्याला ऐकताच बांगड्याची आमटी आठवते, पण हे मालाचंच नाव आहे, शिवाय बाहेरचा माणूस ते चटकन 'त्रिफळा' समजतो आणि इंटरनेटवर शोधायला गेला की चूर्णाच्या बाटल्यांपाशी पोहोचतो. तिसरं Maad, इंग्रजी वाचणारा त्याचं काय करील ते सांगायला नको.

चौथं Surangi, कोकणातल्या सुवासिक फुलाचं नाव. मला हे आवडलं. सुरंगीचे वळेसार वेंगुर्ल्याकडच्या माणसाला सांगावे लागत नाहीत, म्हणजे मातीशी नातं राहिलं. मसाल्याचं वर्णन त्यात नाही, म्हणून कलम ९ची अडचण कमी. आणि उच्चार सरळ: ळ नाही, ण नाही, जोडाक्षर नाही. जर्मन माणूस सुरुवातीचा स थोडा 'झ'सारखा म्हणेल, अरबी लिपीत 'ग' लिहायला थोडी तडजोड करावी लागेल, पण दोघांच्याही तोंडी शब्द ओळखीचा राहील. अरबीत 'प' आणि 'च' हे मुळातले ध्वनी नाहीत, तेव्हा आखातात जाणाऱ्या नावात ते टाळलेले बरे. जर्मन वाचक J चा 'य' करतो आणि V बऱ्याचदा 'फ' वाचतो. जायफळावरून किंवा वेलचीवरून नाव घ्यायचा मोह होतो तेव्हा हे लक्षात ठेवावं.

नाव कसं चालतं हे घरच्यांना विचारून कळत नाही, त्यांना उत्तर आधीच माहीत असतं. मराठी न येणाऱ्या कुणाला तरी स्पेलिंग दाखवून वाचायला सांगा. मग दुसऱ्या एखाद्याला फोनवर नाव एकदाच सांगा आणि लिहून पाठवायला सांगा. माझ्या मते दुसरी परीक्षा जास्त महत्त्वाची, कारण गिऱ्हाईक नाव ऐकून शोधतं. ऐकून दोन-तीन वेगवेगळी स्पेलिंगं येऊ लागली तर ते नाव बाद करावं.

मग ipindia.gov.in वर वर्ग ३० मध्ये शोध घ्यावा. नुसतं अक्षरजुळणीने नाही, फोनेटिक पर्यायानेही, कारण कायदा सारख्या ऐकू येणाऱ्या नावांनाही अडवतो. सुरंगी तिथे आधीच कुणाची निघाली तर चौथं नावही सोडावं लागेल, त्यात भावना आणू नये. कोकम सरबतही त्याच नावाने विकायचं असेल तर ते वर्ग ३२ मध्ये जातं, म्हणजे शोधही वेगळा आणि फीही वेगळी.

भारतातली नोंदणी भारतापुरतीच. आपल्याच वितरकाने आपला ब्रँड तिकडे स्वतःच्या नावावर नोंदवला, हा निर्यातीतला जुना प्रकार आहे. इथल्या अर्जापासून ६ महिन्यांच्या आत बाहेर अर्ज केला तर इथलीच तारीख धरली जाते. २०१३ पासून भारत माद्रिद प्रोटोकॉल या ट्रेडमार्क नोंदणीच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे, त्यामुळे इथूनच एका अर्जात त्या करारातले हवे ते देश निवडता येतात. लहान युनिटने सगळं जग निवडू नये, ज्या देशात डबा खरंच जातो तेवढेच घ्यावेत.

आणि डबा जातच नसेल तर? जायफळ २५ किलोच्या पोत्यांत व्यापाऱ्याला देत असाल आणि तो स्वतःच्या लेबलने विकत असेल, तर ब्रँडवर सध्या पैसे घालवू नयेत. तिथे पेढीचं नाव पुरतं. किरकोळ पाकिटं काढायची ठरली की मग अर्ज करावा. अर्ज झाल्यावर नावाशेजारी ™ लावता येतं. ® मात्र नोंदणी झाल्यावरच, आणि परदेशी जाणाऱ्या डब्यावर छापायच्या आधी त्या देशातही नोंदणी आहे ना ते बघावं. नोंदणी नसताना हे चिन्ह वापरलं तर भारतात कलम १०७ खाली दंड होऊ शकतो.