सूट द्यायची की मदत? लहान-मोठ्या भावंडांचा डाव बरोबरीत आणताना

मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा दुपारी पोरं घरातच कोंडलेली असतात. मग कॅरम निघतो, नाहीतर टीव्हीला गेम जोडला जातो, आणि पंधरा वर्षांचा दादा नऊ वर्षांच्या बहिणीला ओळीने हरवत सुटतो. घरातल्या मोठ्यांकडे यावर दोन ठरलेले उपाय असतात. एक, ‘अरे, जिंकू दे की तिला एखादा डाव.’ दुसरा, ‘ती कच्चा लिंबू, तिचं धरू नका.’ पहिल्यात दादा खरा खेळत नाही, दुसऱ्यात बहिणीचं खेळणं मोजलंच जात नाही. आणि नऊ वर्षांच्या मुलीला हे दोन्ही लगेच कळतं.

दोघांनी जीव तोडून खेळावं आणि तरी डाव अटीतटीचा व्हावा, यासाठी दोन मार्ग आहेत. बोलताना आपण त्यांची सरमिसळ करतो. सूट, म्हणजे हँडिकॅप, ही डावाची सुरुवात किंवा जिंकण्याची अट बदलते. कोणाला आधीच गुण मिळतात, कोणाला कमी सोंगट्या घालवायच्या असतात, कोणी उशिरा निघतो. फटका मात्र ज्याचा त्यानेच मारायचा. मदत, म्हणजे असिस्ट, ही त्या फटक्यातच हात घालते. गाडी वळवणं, बटणांचा क्रम लक्षात ठेवणं, चुकलेली खेळी परत घेणं यातलं काही काम गेम किंवा घरचा नियम उचलतो.

यातलं काय द्यायचं ते हरण्याच्या फरकावरून ठरत नाही. समोर कोणी नसताना धाकटीला खेळातलं मूळ काम जमतं का, ते बघा. कॅरमवर तिला एकटीला दहा फटके मारायला सांगा. बहुतेक फटक्यांत स्ट्रायकर समोरच्या कडेला आपटून परत येत असेल तर हातात जोर आहे, तेव्हा प्रश्न कौशल्याचा आणि उपाय सुटीचा. स्ट्रायकर बोर्डाच्या मध्यावरच दम टाकत असेल तर कितीही गुण आधी द्या, उपयोग नाही. तिथे आधी मदत लागते.

कॅरममधली मदत साधी असते. बोर्ड स्टँडवर असेल तर तिच्या खुर्चीवर उशी द्या, म्हणजे कोपर बोर्डाच्या वर येईल. स्ट्रायकर दोन्ही बेसलाइनला टेकलाच पाहिजे हा नियम फक्त तिच्यासाठी सैल करा. शिवाय बोर्ड कूलरच्या झोतातून हलवा. कूलरची हवा दमट असते. त्या दमटपणाने पावडरीचे बारीक गोळे होतात आणि बोर्ड जड होतो. दादा जोर वाढवून ते भरून काढतो, पण धाकटीकडे वाढवायला जोर उरलेलाच नसतो. बोर्ड कोरड्या फडक्याने पुसून पावडर नव्याने, अगदी थोडी टाकली की तिचा निम्मा प्रश्न कधीकधी तिथेच सुटतो.

आता सुटीकडे. बहुतेक घरांत सूट म्हणजे आधी गुण देणं. पंचवीसचा गेम असतो आणि धाकटी बारापासून सुरू करते. दिसायला हे उदार आहे, प्रत्यक्षात बहुधा फुकट जातं. कॅरममध्ये बोर्ड जिंकणाऱ्यालाच गुण मिळतात: समोरच्याच्या जितक्या सोंगट्या उरल्या तितके, आणि राणी जिंकणाऱ्याने घेऊन कव्हर केली असेल तर आणखी तीन. समजा दादाच्या नऊ सोंगट्या संपतात तेव्हा धाकटीच्या चार गेलेल्या असतात. म्हणजे तिच्या पाच उरल्या. दादाला पाच आणि राणीचे तीन मिळून आठ गुण. तीन बोर्डांत तो चोवीसवर जातो, चौथ्यात गेम संपतो. धाकटी मात्र बारावर सुरू होऊन बारावरच संपते, कारण तिने एकही बोर्ड जिंकलेला नाही. आगाऊ गुण चालतात ते अधूनमधून बोर्ड काढणाऱ्या खेळाडूला. जी एकही बोर्ड काढत नाही तिच्यासाठी सूट बोर्डाच्या आत गेली पाहिजे.

ती अशी. चार-पाच बोर्ड बिनसुटीचे खेळा आणि दादा संपवतो तेव्हा धाकटीच्या किती सोंगट्या गेल्या ते दर वेळी लिहून ठेवा. सरासरी चार आली तर पुढच्या डावात तिच्या चारच सोंगट्या बोर्डावर मांडा, दादाच्या नऊच्या नऊ. उरलेल्या पाच बाजूला ठेवा. त्या ‘गेलेल्या’ धरायच्या. काढताना बाहेरच्या गोलातल्या काढा. मधला सहाचा गोल आणि राणी तशीच राहू द्या, नाहीतर गठ्ठा सैल होऊन पहिल्याच फटक्यात एका बाजूला सांडतो.

इथे तीन गोष्टी आडव्या येतात. पहिली, नऊपैकी ज्या चार ती घालवत होती त्या सगळ्यात सोप्या, भोकाच्या तोंडाशी आलेल्या होत्या. चारच मांडल्या की निवड संपते आणि शेवटची सोंगटी भलत्याच ठिकाणी अडकून बसते. म्हणून चारवर जमत नसेल तर तीनवर या, त्यात लाजण्यासारखं काही नाही. दुसरी, दंड. स्ट्रायकर भोकात गेला की एक सोंगटी परत ठेवावी लागते. ती तिने स्वतः घातलेल्यांतलीच असावी, सुटीतल्या पाचांतली नको. तिने अजून एकही घातली नसेल तर पहिली जाईपर्यंत दंड उधार. हे आधी ठरलं नसेल तर भांडण नक्की.

तिसरी गोष्ट हिशेबाची आहे आणि ती सहज निसटते. धाकटीच्या चारच सोंगट्या बोर्डावर आहेत, तर दादाला जिंकून जास्तीत जास्त चार अधिक तीन, म्हणजे सात गुण मिळू शकतात. धाकटी जिंकली तर नऊ अधिक तीन, बारापर्यंत. एका सुटीच्या पोटात दुसरी सूट आपोआप लागली, आणि दोन-चार दिवसांत दादाच चिडेल. तेव्हा अशा डावात गुण मोजूच नका. पाच बोर्ड, तीन जिंकेल तो जिंकला.

व्हिडिओ गेममध्ये हाच फरक मेनूत लपलेला असतो. ‘मारिओ कार्ट ८ डिलक्स’ या गाड्यांच्या शर्यतीच्या गेममध्ये गाडी निवडण्याच्या पडद्यावर + दाबलं की प्रत्येक खेळाडूसाठी वेगळ्या सोयी दिसतात. त्यातली Smart Steering गाडीला रस्त्याबाहेर आणि खड्ड्यात जाऊ देत नाही, तर Auto-Accelerate वेग आपणच धरून ठेवते. दोन्ही शुद्ध मदत आहेत. धाकटी दर वळणाला खाली पडत असेल तर त्या लावाच. Smart Steering चालू असली की गाडीच्या मागे छोटी अँटेना दिसते आणि ती हस्तक्षेप करते तेव्हा लुकलुकते. सबंध फेरीत अँटेना क्वचितच लुकलुकली तर ती मदत आता काढायला हरकत नाही.

काढायलाही हवी, कारण या मदतीला वरून छप्पर आहे. Smart Steering रस्त्याबाहेरच्या आडवाटा घेऊ देत नाही आणि ड्रिफ्टचा, म्हणजे वळणावर गाडी घसरवत नेल्यावर मिळणारा सगळ्यात मोठा, तिसरा बूस्टही देत नाही. धाकटी जिथे अडकते तिथे ती तारते, आणि पुढे जाऊ पाहते तिथे अडवते. दादाच्या गाडीला अँटेना दिसली तर त्याचीही तपासा. ‘माझा ड्रिफ्ट पूर्ण भरतच नाही’ या तक्रारीचं मूळ पुष्कळदा तिथेच असतं.

मदत काढल्यावर फरक उरतो, तेव्हा सूट. फोनच्या स्टॉपवॉचवर दोघांच्या शेवटच्या रेषा ओलांडण्यातलं अंतर मोजा. ते २० सेकंद आलं तर पुढच्या शर्यतीत दादाने सुरुवातीच्या रेषेवर २० सेकंद थांबायचं. पण शर्यतीत वाटेवर मिळणाऱ्या, समोरच्यावर वापरायच्या किंवा वेग वाढवणाऱ्या वस्तू नेहमीसारख्या चालू ठेवल्या तर ही सूट वितळते. हा गेम मागे पडलेल्याला जास्त जोरदार वस्तू देतो, आणि आता मागे दादा आहे. म्हणजे सुटीने दिलेलं गेमच्या आतली सूट परत काढून घेते. VS Race च्या नियमांत वस्तू No Items वर ठेवा, मगच तुमचे सेकंद खरे राहतात.

‘स्ट्रीट फायटर ६’ या मारामारीच्या गेममध्ये मदत आणि सूट दोन्हींची गाठ मारलेली आहे. तिथली Modern नियंत्रणपद्धत खास फटके एका बटणावर देते, ही झाली मदत. पण अशा एका बटणाच्या फटक्याचं नुकसान २० टक्के कमी होतं, म्हणजे मदत घेणाऱ्यावर उलटी सूट. बटणांचा क्रम न जमणाऱ्या मुलीला हा सौदा तरीही परवडतो, कारण न लागलेल्या फटक्याने शून्य नुकसान होतं.

बुद्धिबळात लोक पटकन वेळेची सूट देतात: दादाला तीन मिनिटं, धाकटीला पंधरा. आधी तिचं घड्याळ बघा. लहान मुलं भराभर खेळतात, डाव हरताना तिच्याकडे बारा मिनिटं शिल्लक असतील तर ती सूट तिने वापरलेलीच नाही. मग मोहरा कमी करा. दादाने पांढरी घ्यावीत आणि वजिराच्या बाजूचा घोडा काढून खेळावं. तेवढ्याने भागलं नाही तर त्याऐवजी हत्ती, मग वजीर. धाकटीला एक गोष्ट सांगून ठेवा: मोहऱ्याला मोहरा मारत जायचं, कारण पट जितका रिकामा होतो तितका तिच्याकडचा जादा मोहरा भारी पडतो. दादा मारामारी टाळत राहील. डावात दोन खेळ्या परत घ्यायची मुभा ही मात्र मदत आहे, आणि ती पुरेशी ठरते का ते ती कुठल्या खेळ्या परत घेते यावरून दिसतं. दर वेळी फुकट दिलेला वजीरच परत घेतला जात असेल, तर अजून हत्ती-घोड्याच्या सुटीपर्यंत गोष्ट पोचलेली नाही.

सूट बदलायची ती डाव संपल्यावर आणि एकाच पायरीने: ओळीने दोन डाव धाकटीने जिंकले की कॅरममध्ये एक सोंगटी वाढवायची, दोन हरले की एक कमी. अडचण दादाकडूनही येते. सूट निकालावर चढत-उतरत असेल तर एखादा डाव मुद्दाम सोडून पुढची सूट कमी करून घेणं त्याला सुचतंच. त्यासाठी पायरी निकालाऐवजी उरलेल्या सोंगट्यांवर बांधा. धाकटीने बोर्ड काढला तेव्हा दादाच्या दोनच उरल्या असतील तर सूट आहे तशी राहू द्या, पाचपेक्षा जास्त उरल्या तर कमी करा. एवढ्या सोंगट्या मुद्दाम मागे ठेवायच्या तर त्याला तोंडाशी आलेले फटके उघड चुकवावे लागतात, आणि ते समोर बसलेल्या बहिणीच्या नजरेतून सुटत नाही.