काँट्रास्ट सीटी स्कॅनला जाताय? क्रिएटिनिनचा रिपोर्ट आणि ‘उपाशी या’ या दोन गोष्टी आधी समजून घ्या

सकाळच्या पहिल्या एसटीने जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचायचं, दुपारपर्यंत बाकड्यावर बसायचं आणि नंबर आल्यावर ऐकायचं, ‘क्रिएटिनिन कुठाय? करून आणा, मग या.’ यवतमाळ, गडचिरोली, चंद्रपूरकडच्या कितीतरी पेशंटचा दिवस असा जातो. चिठ्ठीवर इंग्रजीत दोन ओळी लिहिलेल्या असतात आणि त्या वाचून दाखवायला कोणाला वेळ नसतो. म्हणून हे सविस्तर.

काँट्रास्ट म्हणजे आयोडीन असलेलं औषध. ते हाताच्या शिरेतून सोडतात, मोठ्या माणसाला साधारण ६० ते १०० मिली. त्यामुळे रक्तवाहिन्या, गाठी, सूज फोटोत उठून दिसतात. काम झालं की हे औषध किडनीवाटे लघवीतून बाहेर पडतं. किडनी आधीच थकलेली असेल तर त्रास वाढू शकतो, म्हणून क्रिएटिनिन मागतात. चिठ्ठीवर ‘साधा’ किंवा ‘प्लेन’ सीटी लिहिला असेल तर ही भानगड नसते. आधी तेवढं विचारून घ्या.

क्रिएटिनिन ही किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारी रक्ताची साधी तपासणी आहे. त्यासाठी नागपूर गाठायची गरज नाही. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात रक्त देता येतं, पण रिपोर्ट त्याच दिवशी हातात पडेलच असं नाही. म्हणून सीटीच्या तारखेच्या तीन-चार दिवस आधी रक्त द्या. फार आधीही देऊ नका. काही ठिकाणी आठवड्याभरातला रिपोर्ट लागतो, काही ठिकाणी महिन्याचा चालतो. तारीख घेतानाच ‘किती दिवसांचा चालेल?’ असं विचारून चिठ्ठीवर लिहून घ्या. ‘मागच्या वर्षी केलं होतं, नॉर्मल होतं’ हे खिडकीवर ऐकून घेत नाहीत आणि इथे त्यांचं बरोबर आहे.

रिपोर्ट हातात आला की लोक आकडा पाहून स्वतःच निकाल लावतात. तिथे फसगत होते. समजा वणीकडची ६८ वर्षांची बारीक अंगाची मावशी आहे, क्रिएटिनिन १.४. तिच्याच गावच्या ३० वर्षांच्या पोराचंही १.४ आलं. आकडा एकच, पण वय आणि स्त्री-पुरुष धरून हिशेब केला तर पोराच्या किडनीचा रक्त गाळण्याचा वेग साधारण ६९ निघतो आणि मावशीच्या किडनीचा ४१. या हिशेबाच्या आकड्याला ईजीएफआर म्हणतात. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं. म्हाताऱ्या, वाळलेल्या माणसाच्या अंगात स्नायूच कमी, त्यामुळे किडनी बरीच कमजोर असली तरी आकडा फारसा चढत नाही. म्हणून डॉक्टरांना ‘ईजीएफआर किती?’ असंच विचारा. साधारण ३० च्या वर असेल तर शिरेतून काँट्रास्ट देताना सहसा अडवत नाहीत. ३० च्या खाली असेल किंवा किडनी अचानक बिघडली असेल, तर सलाईन लावून करायचं, साध्या सीटीवर भागवायचं की दुसरी तपासणी करायची हे डॉक्टर ठरवतात. अपघात किंवा लकवा यांसारख्या तातडीच्या वेळी मात्र रिपोर्टसाठी थांबत नाहीत.

मावशीचा ४१ चालण्यासारखा आहे. पण तिच्या पिशवीत गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅकच्या गोळ्या असतात, मेडिकल स्टोअरमधून सुट्या आणलेल्या. निंदणीच्या दिवसांत रोज एक. ही गोळी किडनीवर भार टाकते, म्हणून सीटीच्या एक-दोन दिवस आधीपासून आणि नंतरही दोन दिवस ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. शुगरच्या गोळ्यांत मेटफॉर्मिन आहे का तेही दाखवा. बऱ्याचदा ते दुसऱ्या औषधाबरोबर एकाच गोळीत असतं, त्यामुळे नाव सांगण्यापेक्षा गोळ्यांचं पाकीटच बरोबर न्या. मेटफॉर्मिन किडनी बिघडवत नाही. पण किडनी मंदावली तर ते अंगात साचतं, म्हणून ईजीएफआर कमी असलेल्यांना ते सीटीच्या दिवसापासून ४८ तास बंद ठेवायला सांगतात. काही सेंटर सगळ्यांनाच बंद करायला लावतात.

आता ‘उपाशी या’. याचा अर्थ साधारण चार ते सहा तास जेवण नाही, एवढाच. सकाळी दहाचा नंबर असेल तर रात्रीचं जेवण नेहमीसारखं करा, सकाळी भाकर-चहा नको. साधं पाणी सहसा चालतं, उलट प्यायलाच हवं. आपल्याकडे मात्र लोक निर्जळी एकादशी धरल्यासारखे येतात. ‘काल सांजेपासून पाण्याचा थेंब नाही घेतला’ असं कौतुकाने सांगतात, तेही मे महिन्यात, ४५ अंशांच्या उन्हात एसटीत उभं राहून. असं सुकलेलं शरीर किडनीसाठी सगळ्यात वाईट, आणि शीरही सापडत नाही. पोटाचा सीटी असेल तर तिथे गेल्यावर तासभरात एक-दीड लिटर पाणी किंवा औषध मिसळलेलं पाणी प्यायला लावतात, म्हणून वेळेआधी पोहोचा.

बीपीची गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची असते. ‘उपाशी’ म्हणून ती चुकवली आणि बीपी वाढलं की पुन्हा परत पाठवणी. इन्सुलिन घेणाऱ्याने उपाशीपोटी नेहमीचा पूर्ण डोस टोचू नये, शुगर एकदम उतरते. किती घ्यायचं ते आदल्या दिवशी विचारा आणि सकाळचा पहिला नंबर मागा. आणि खर्रा! काकाजी शपथेवर उपाशी असतात, गालात खर्रा तसाच. काँट्रास्टने मळमळलं आणि आडव्या माणसाला उलटी झाली तर ती सुपारी श्वासनलिकेत जाऊ शकते. घरूनच चूळ भरून निघा.

अॅलर्जीचा प्रश्न विचारला की लोक ‘काही नाही’ म्हणून मोकळे होतात. खरं महत्त्वाचं एकच: पूर्वी अशाच इंजेक्शनने अंगावर गांधी उठल्या होत्या का, दम लागला होता का, चक्कर येऊन पडले होते का. असं झालं असेल तर तारीख घेतानाच सांगा. कारण त्यावर स्टेरॉइडच्या गोळ्या देतात, त्या एका पद्धतीत १३, ७ आणि १ तास आधी घ्याव्या लागतात. दहाच्या सीटीला पहिली गोळी आदल्या रात्री नऊला, दुसरी पहाटे तीनला. टेबलावर झोपल्यावर आठवलं तर त्या दिवशीचा सीटी गेलाच समजा. दमा, थायरॉइड वाढलेलं असणं आणि गरोदरपणही सांगा. मासळी चालत नाही म्हणून काँट्रास्ट चालणार नाही, ही समजूत चुकीची आहे.

बाकी कागद म्हणजे आधार, केसपेपर, डॉक्टरांची चिठ्ठी आणि जुन्या स्कॅनच्या फिल्म. संमतीपत्रावर सही लागते, म्हणून घरचं जाणतं माणूस बरोबर हवं.

इंजेक्शन जाताना अंगभर गरम लाट येते, तोंडाला धातूची चव येते, लघवी झाल्यासारखं वाटतं. ते मिनिटभरात जातं, घाबरून हलू नका. हात मात्र ठणकायला, फुगायला लागला तर लगेच ओरडून सांगा. औषध शिरेबाहेर गेलेलं असू शकतं.

स्कॅन झाल्यावर गाडीची घाई असली तरी अर्धा तास तिथेच बसा, कारण जोरदार रिअॅक्शन बहुतेक याच वेळात येते. घरी गेल्यावर दिवसभर पाणी जास्त प्या. ज्यांना हार्टच्या त्रासामुळे पाणी मोजून सांगितलंय, त्यांनी डॉक्टर सांगतील तेवढंच. अंगावर पुरळ किंवा खाज आठवड्याभरातही उठू शकते, तेव्हा सीटीचा कागद घेऊन जवळच्या दवाखान्यात जा. दम लागला, चेहरा सुजला तर थांबू नका, १०८ ला फोन करा. लेकराला अंगावर पाजणं बंद करायची गरज नाही. मावशीसारख्या कमी ईजीएफआरच्या पेशंटने ४८ ते ७२ तासांत क्रिएटिनिन पुन्हा करावं आणि तो रिपोर्ट दाखवूनच मेटफॉर्मिन सुरू करावं. लघवी अचानक कमी झाली तर तेवढे दिवसही थांबू नये.