मलपृष्ठावरचा बारकोड आणि किंमत : कव्हर छपाईला देण्यापूर्वी

पुस्तकाच्या बारकोडमध्ये फक्त आयएसबीएनचे 13 अंक असतात. किंमत त्यात नसते. स्कॅनर आकडा वाचतो आणि किंमत दुकानाच्या बिलिंग प्रोग्रॅममधून येते. त्यामुळे पुढच्या छपाईत 250 चे 300 रुपये केले, तरी बारकोड तोच राहतो. अमेरिकेतल्या पुस्तकांवर मोठ्या बारकोडशेजारी पाच अंकांचा छोटा बारकोड दिसतो, त्यात डॉलरमधली किंमत असते. इथल्या विक्रीसाठी तो लागत नाही, म्हणून तिकडचा नमुना पाहून तो टाकू नये. आपल्याकडे किंमत माणसाने वाचायची आणि रेघा यंत्राने, म्हणून दोघांना वेगवेगळी जागा द्यावी लागते.

आकार

बारकोडचा मूळ आकार म्हणजे 100 टक्क्यांना 37.29 मि.मी. रुंद आणि 25.93 मि.मी. उंच. यात खालचे अंक आणि दोन्ही बाजूंची कोरी जागा धरलेली आहे. 80 टक्क्यांपर्यंत, म्हणजे 29.83 बाय 20.74 मि.मी.पर्यंत, तो लहान करता येतो, त्याखाली नाही. डेमी पुस्तकाच्या मलपृष्ठावर जागा भरपूर असते, तिथे 100 टक्केच ठेवावा. 80 टक्के छोट्या पुस्तिकांसाठी राखून ठेवावा.

मजकूर बसत नाही म्हणून रेघांची उंची अर्ध्यावर आणण्याची एक सवय दिसते. समोर सरळ धरलेल्या हातातल्या स्कॅनरला असा बारकोड बहुतेक वेळा वाचता येतो. मात्र काउंटरमध्ये बसवलेल्या स्कॅनरवरून पुस्तक तिरके सरकवले, तर प्रकाशाची रेघ पहिल्या पट्टीपासून शेवटच्या पट्टीपर्यंत पोचायच्या आधीच बाहेर पडते. त्यापेक्षा ब्लर्बच्या दोन ओळी कमी कराव्यात.

दोन्ही बाजूंची कोरी जागा

सर्वाधिक चुका इथे होतात. रेघा कुठे सुरू झाल्या आणि कुठे संपल्या हे स्कॅनरला बाजूच्या कोऱ्या जागेवरूनच कळते. 100 टक्के आकाराला डावीकडे किमान 3.63 मि.मी. आणि उजवीकडे 2.31 मि.मी. जागा पूर्ण कोरी हवी. बारकोडभोवती काळी चौकट काढली, चित्राची कड आत आली किंवा ‘मूल्य ₹ 250’ रेघांना खेटून बसवले, तर स्कॅनर त्या काळ्या खुणेलाही पट्टी समजतो आणि काहीच वाचत नाही. बारकोड पाहायला अगदी स्वच्छ असतो, म्हणून दोष लवकर सापडत नाही. काही बारकोडच्या अंकांनंतर ‘>’ अशी खूण असते. कोरी जागा कुठपर्यंत आहे हे ती दाखवते, म्हणून ती पुसू नये.

डेमी मलपृष्ठावरची मांडणी

पुस्तक साडेपाच बाय साडेआठ इंच, म्हणजे सुमारे 140 बाय 216 मि.मी., असे धरू. मलपृष्ठ समोर धरले की कणा उजवीकडे येतो, म्हणजे खालचा उजवा कोपरा कण्याजवळचा. परफेक्ट बाइंडिंगमध्ये कव्हर नीट उघडावे म्हणून कण्यापासून काही मि.मी.वर घडी पाडतात. रेघा त्या घडीवर आल्या तर तिथे लॅमिनेशनला सुरकुती पडते. म्हणून बारकोडचा पांढरा चौकोन या कोपऱ्यात, पण कण्यापासून 12 मि.मी. आणि खालच्या कडेपासून 12 मि.मी. आत घ्यावा. खालच्या बाजूला छाटणी एखाद-दोन मि.मी. सरकली, तरी एवढ्या अंतरामुळे बारकोड कापला जात नाही.

चौकोन 44 बाय 32 मि.मी.चा ठेवावा. रेघांची रुंदी 31.35 मि.मी. असते. त्या मधोमध ठेवल्या की दोन्ही बाजूंना सहा मि.मी.हून जास्त जागा उरते, म्हणजे गरजेपेक्षा थोडी अधिकच. वरच्या बाजूला संयोगचिन्हांसह आयएसबीएन छापावा. किंमत चौकोनाच्या बाहेर, डावीकडे, निदान 5 मि.मी. अंतर सोडून, 12 ते 14 पॉइंटमध्ये घ्यावी. किमतीच्या वर साधारण 40 बाय 20 मि.मी. जागा रिकामी सोडली, तर उद्या बदललेल्या किमतीचे स्टिकर तिथे लागेल. जागा नसली की दुकानदार मोकळा दिसेल तो पांढरा भाग शोधतो आणि स्टिकर थेट रेघांवर बसते.

₹ हे चिन्ह 2010 मध्ये ठरले. त्याआधीच्या मराठी फॉन्टमध्ये ते नसते आणि फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की त्या जागी रिकामा चौकोन किंवा भलतेच अक्षर येते. युनिकोड फॉन्ट वापरावा आणि फाइल देताना अक्षरांचे आउटलाइन करून द्यावे.

रंग आणि शाई

दुकानांतल्या लेझर स्कॅनरचा प्रकाश तांबडा असतो. त्या प्रकाशात लाल, केशरी आणि पिवळा रंग जवळजवळ पांढरे दिसतात. म्हणून पांढऱ्यावर लाल रेघा डोळ्याला ठळक वाटल्या तरी स्कॅनरला तिथे कोरा कागद असतो. उलट, निळ्या किंवा हिरव्या पार्श्वभूमीवर काळ्या रेघा घेतल्या, तर सगळेच काळे दिसते. पांढऱ्या चौकोनावर काळ्या रेघा घ्याव्यात, इथे कल्पकता नको.

हा काळा फक्त काळ्या प्लेटचा, के 100, असावा. चार रंगांच्या मिश्रणाचा काळा घेतला आणि प्लेट जरा हलली, तर प्रत्येक रेघेला निळी किंवा गुलाबी किनार येते. सगळ्यात बारीक रेघ 0.33 मि.मी.ची असते, त्यामुळे केसाएवढी किनारही तिचे माप बदलते.

बारकोड व्हेक्टर फाइलमध्ये, म्हणजे ईपीएस किंवा पीडीएफ स्वरूपात, घ्यावा. 300 डीपीआयच्या चित्रात एक पिक्सेल सुमारे 0.085 मि.मी.चा असतो. 0.33 मि.मी.ची रेघ म्हणजे 3.9 पिक्सेल होतात. ते पूर्ण अंकात बसत नाहीत, म्हणून काही रेघा तीन पिक्सेलच्या, काही चारच्या होतात आणि जेपीजी त्यांच्या कडा धूसर करतो. ते चित्र पानावर ओढून लहान-मोठे केले की दोष आणखी वाढतो.

लॅमिनेशन शक्यतो मॅट घ्यावे. ग्लॉसला स्कॅनरचा प्रकाश उलट परततो आणि एका विशिष्ट कोनात वाचन अडते. स्पॉट यूव्ही किंवा एम्बॉसिंग रेघांवर नकोच.

जुन्या पुस्तकाचे पुनर्मुद्रण

2007 च्या आधीच्या पुस्तकांवर दहा अंकी आयएसबीएन असतो. त्याला पुढे 978 जोडले तरी काम संपत नाही, कारण शेवटचा तपासणी अंक नव्या पद्धतीने काढावा लागतो. नमुन्याचा आकडा 81-7123-456-9 घेऊ. शेवटचा 9 सोडून द्या आणि पुढे 978 लावा : 978817123456. डावीकडून पहिला, तिसरा, पाचवा अशा अंकांची बेरीज 27 येते. उरलेल्यांची 34, तिला तीनने गुणून 102. एकूण 129. पुढची दहाची पट 130, म्हणून तपासणी अंक 1 आणि पूर्ण आकडा 978-81-7123-456-1. शेवटी जुना 9 तसाच ठेवला, तर तो आकडा चुकीचा ठरतो.

छपाईआधी तपासणी

प्रूफ कागदावर 100 टक्के मापात काढा, ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद ठेवा. मोबाइलने वाचला म्हणून समाधान मानू नका, कारण कॅमेरा स्कॅनरपेक्षा बरेच चालवून घेतो. दुकानातल्या लेझर स्कॅनरवर दहा वेळा, कोन बदलून वाचून पाहा. दहाही वेळा पहिल्या प्रयत्नात आकडा यायला हवा आणि तो कॉपीराइट पानावरच्या आकड्याशी अंकाअंकाने जुळायला हवा. छपाई सुरू झाल्यावर लॅमिनेशन आणि छाटणी झालेली पहिली प्रत पुन्हा अशीच वाचून पाहा, कारण शाई पसरण्याचा आणि चमकेचा दोष प्रूफवर दिसतच नाही. बाकीची कव्हरे त्यानंतरच बाइंडिंगला पाठवा.