RSSI आणि Tx Power: एकक तेच, अर्थ वेगळा

हरवलेली वस्तू शोधायला ब्लूटूथ स्कॅनर ॲप उघडलं की नावांच्या जागी N/A, N/A अशी रांग दिसते आणि प्रत्येकापुढे -67 dBm सारखा RSSI, म्हणजे फोनपर्यंत पोचलेल्या सिग्नलची ताकद. हा आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल जोरदार. -45 दणदणीत, -95 जेमतेम. एवढं बहुतेकांना ठाऊक असतं.

घोळ होतो तो ओळीवर टॅप केल्यावर. आत कधीकधी Tx Power: 12 dBm असंही दिसतं, आणि लोक तोच आकडा धरून विचारतात, "सिग्नल एवढा तगडा, मग वस्तू सापडत का नाही?" अहो, तो तुमच्या फोनने मोजलेलाच नाही! उपकरण आपल्या पॅकेटमध्ये स्वतःच लिहून पाठवतं की मी इतक्या ताकदीने बोलतोय. तुम्ही शेजारी असा नाहीतर तीन खोल्या पलीकडे, तो बारा तो बाराच. RSSI मात्र पॅकेट हाती आल्यावर तुमचा फोन मोजतो.

Raw, म्हणजे पॅकेटमधले मूळ बाइट्स, उघडलं तर हे डोळ्यांनी दिसतं:

```
02 01 1A 02 0A 0C 0A FF 4C 00 10 05 …
```

प्रत्येक तुकड्यात आधी लांबी, मग प्रकार. `02 0A 0C` मधला 0A म्हणजे Tx Power आणि 0C म्हणजे 12. पुढचा 0A निव्वळ लांबी आहे. FF नंतर कंपनीचा क्रमांक उलटा लिहिलेला असतो: 4C 00 म्हणजे 0x004C, ॲपल. नाव नसलं तरी घराणं कळलं. RSSI या बाइट्समध्ये कुठेच नाही.

समजा, याच कंपनीचा टॅब्लेट हरवलाय आणि 4C 00 वाल्या तीन ओळी आहेत: -82, -71, -70. तिन्हींचा Tx Power 12, म्हणजे निवड करायला त्याचा उपयोग शून्य. चार पावलं चाला, थांबा, आकडा स्थिरावू द्या. जागेवर उभं राहूनही तो पाच-सहाने सहज हलतो, म्हणून एका उडीवर विश्वास नको. कपाटाजवळ गेल्यावर -82 वाली ओळ -58 वर आली आणि बाकीच्या दोन जिथल्या तिथे राहिल्या, तर कपाट उघडा. सुरुवातीला सगळ्यात कमजोर होती तीच निघाली, कारण मध्ये भिंत होती.

RSSI वरून "1.7 मीटर" असं छापणारी ॲप्स मला अजिबात आवडत नाहीत. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की साधारण 6 dB घटतात. मध्ये तुमचं शरीर आलं तर त्याहून जास्त जाऊ शकतात.

शोधता शोधता ओळ गोठली, तर आधी ॲपमधली शेवटच्या पॅकेटची वेळ बघा. उपकरण गप्प झालं तरी काही ॲप्स जुना RSSI दाखवत राहतात. आणि खासगी पत्ता वापरणारी उपकरणं तो साधारण दर 15 मिनिटांनी बदलतात, तेव्हा तीच वस्तू नव्या ओळीत येऊन बसते.